पंपाने ठरवलेली शेवटची तारीख: एका पाइपलाइनच्या शेड्यूलची गोष्ट

हे जाळं, म्हणजे कुठलं काम कशानंतर आणि किती दिवस हे जोडून दाखवणारं शेड्यूल, मीच बनवलेलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. एका संध्याकाळी, जुन्या कामाची फाइल उघडून, नावं बदलून, सबमिट. 70 दिवस दिसत होते, साहेबांनाही साधारण तेवढेच हवे होते, मग कोण कशाला आत डोकावून बघतंय.

काम साधं होतं. तालुक्याच्या गावाची पाणी योजना, त्यातली 2400 मीटर डीआय पाइपची लाइन, रस्त्याच्या कडेने. शेजारून ओढा जातो त्यामुळे चर खोदला की तासाभरात पाणी भरायचं, म्हणून दोन डिझेल पंप सतत चालू ठेवायचे होते. पोकलेन रोज 80 मीटर खोदणार म्हणजे 30 दिवस, पाइप टाकणारी गँग रोज 60 मीटर म्हणजे 40 दिवस, भरणी रोज 120 मीटर म्हणजे 20 दिवस. भरणी म्हणजे इथे पाइपच्या पोटावर माती, सांधे उघडेच ठेवायचे कारण प्रेशर टेस्टला गळती दिसली पाहिजे. मग टेस्ट 6 दिवस, सांधे भरणं 4, रस्ता पूर्ववत करणं 10. पुढे सगळीकडे दिवस म्हणजे कामाचे दिवस, आठवड्याला सहा, आणि "दिवस 45" म्हणजे 45 दिवस संपल्यावर.

मी काय केलं होतं ते बघा. खोदाई सुरू झाल्यावर 5 दिवसांनी पाइप टाकणं सुरू (SS+5), त्यानंतर 5 दिवसांनी भरणी सुरू (SS+5), भरणी संपली की टेस्ट, मग सांधे, मग रस्ता. आणि पंप? पंपाला एक साधी अॅक्टिव्हिटी दिली, "पाणी उपसा, 60 दिवस", खोदाईबरोबर सुरू, आणि पंप हलल्याशिवाय रस्ता कसा करणार म्हणून पंप संपला की रस्ता. झालं जाळं.

आता हेच गणित हाताने करा. पाइप टाकणं 5 ला सुरू, 45 ला संपणार. भरणी 10 ला सुरू आणि 20 दिवसांची, म्हणजे 30 ला संपली! पाइप अजून 15 दिवस पडतोय आणि त्याच्यावरची माती टाकून झाली. टेस्ट 30 ते 36, सांधे 40 ला पूर्ण. रस्ता मात्र 60 ला सुरू, कारण पंप 60 पर्यंत बसलाय. शेवट 70.

म्हणजे जाळ्याच्या एका हातात 18 दिवस कमी धरले होते आणि दुसऱ्या हातात पंपाने 20 दिवस परत भरून दिले, म्हणून बेरीज खरी वाटली. खरा आकडा 68 आहे, पुढे येईल. 70 आणि 68 मध्ये फरक तो काय, असं वाटतं ना? पण क्रिटिकल पाथवर, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीत, काय होतं तर पंप आणि रस्ता, बस्स. या जाळ्याप्रमाणे काम लवकर संपवायचं असेल तर पंप कमी दिवस चालवा! खोदाईची गंमत तर अजून भारी: फ्लोट म्हणजे शेवटची तारीख न हलता किती दिवस उशीर चालेल ते, तर तिच्या सुरुवातीचा फ्लोट शून्य, कारण तिच्यावर पंपाची सुरुवात लटकलीय, आणि तिच्या शेवटाचा फ्लोट 40 दिवस, कारण तिच्या शेवटाला काहीच जोडलेलं नाही. खोदाई 30 च्या जागी 70 दिवस चालली तरी जाळ्याला पत्ता नाही.

आणि नेमकं तेच झालं. 1000 मीटरच्या चेनेजला काळा कातळ लागला, वरून मुरूम दिसत होता, खाली बकेट ठणकन वाजायला लागली. ब्रेकर लावला, पण 80 चे 20 मीटर झाले रोजचे. हा पट्टा 1400 पर्यंत आहे असं ट्रायल पिट मारून कळलं. म्हणजे 400 मीटरला 5 दिवसांऐवजी 20 दिवस, खोदाई 30 वरून 45 वर.

पंचविसाव्या दिवशी रिव्ह्यू होता. मी प्रामाणिकपणे अपडेट टाकलं, खोदाई 1250 मीटर झाली, 20 दिवस बाकी. पाइप 1130 मीटर. भरणी 960 मीटर, 12 दिवस बाकी. शेड्यूल बटण दाबलं आणि शेवटची तारीख जिथल्या तिथे, 70. मला तर बरंच वाटलं. प्रिंट काढून मीटिंगला नेली.

क्लायंटतर्फे जी कन्सल्टंट मॅडम होती तिने प्रिंटवर दोन बोटं ठेवली. "इथे पाइप टाकणं दिवस 46 ला संपतंय. आणि इथे टेस्ट 37 ला सुरू होतीय. मधले नऊ दिवस तुम्ही काय टेस्ट करणार, हवा?"

कोणी हसलं नाही. आमचे साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मॅडम, उद्या सुधारून देतो."

रात्री बसलो. आधी शिडी.

शिडी म्हणजे काय, तर दोन लांब कामं शेजारी शेजारी पुढे सरकतायत, एक पुढे दुसरं मागे, आणि मागच्याने पुढच्याला ओलांडायचं नाही. ही दोन कामं म्हणजे शिडीचे दोन उभे बांबू, आणि त्यांच्यामध्ये दोन पायऱ्या लागतात, एक सुरुवातीला आणि एक शेवटाला. सुरुवातीची पायरी म्हणजे SS, पुढच्याने थोडी मोकळीक केल्याशिवाय मागचा सुरू नाही. शेवटाची म्हणजे FF, पुढचा संपल्यावरही मागच्याला शेवटचा तुकडा करायला थोडे दिवस लागतातच. एकाच पायरीची शिडी कोणी भिंतीला लावेल का? मी लावली होती. जुन्या काळी बाणांवर कामं लिहायची पद्धत होती तेव्हा असं ओव्हरलॅप दाखवायला प्रत्येक कामाचे तुकडे करायला लागायचे, खोदाई एक, खोदाई दोन, खोदाई तीन, आणि मध्ये डमी बाणांचं जंगल. SS आणि FF मिळाल्यावर तो त्रास गेला, पण त्याबरोबर एक सवय लागली की नुसता SS टाकायचा आणि पुढे जायचं, कारण पडद्यावर बार छान पायऱ्या-पायऱ्यांनी उतरताना दिसतात.

दोन्ही पायऱ्या का लागतात ते वेगावर अवलंबून आहे. मागचा माणूस पुढच्यापेक्षा हळू असेल तर SS त्याला धरून ठेवतो, FF नुसता शोभेला असतो. मागचा वेगवान असेल तर उलट, SS चा उपयोग नाही, FF च खरा लगाम. आमच्याकडे पाइप गँग खोदाईपेक्षा हळू, तिथे SS चालून गेलं असतं. भरणी मात्र पाइपच्या दुप्पट वेगाने, तिथे FF नसल्यामुळे ती पाइपला ओलांडून पुढे पळाली. काम सुरू असताना कुठलं हळू कुठलं वेगवान हे बदलतं, म्हणून दोन्ही पायऱ्या ठेवायच्या, लागो न लागो.

SS आणि FF च्या पुढे जे दिवस लिहितो तो लॅग. लॅगचे दिवस कुठून काढायचे? इथे बरेच जण अंदाजाने 2, 3, 5 टाकतात, मीही टाकायचो. लॅग दिवसांत लिहितो आपण पण त्याच्यामागे असतं अंतर. आमच्या साइटवर पोकलेन आणि पाइप गँग यांच्यात कमीत कमी 120 मीटर लागायचे, कारण पोकलेनचा बूम फिरायला जागा, हायड्रा क्रेनला पाइप घेऊन पुढेमागे व्हायला जागा, आणि बेडिंगची वाळू पसरायला जागा. सुरुवातीला मात्र 400 मीटरची मोकळीक ठेवली होती, ओढ्याच्या बाजूची माती ढासळते का ते बघायला. तर SS चा लॅग काढायचा पुढच्या कामाच्या वेगाने, कारण मोकळीक तो करतोय: 400 भागिले 80 म्हणजे 5 दिवस. आणि FF चा लॅग काढायचा मागच्या कामाच्या वेगाने, कारण उरलेला तुकडा हा पूर्ण करतोय: 120 भागिले 60 म्हणजे 2 दिवस. हे उलटं केलं की आकडे चुकतात आणि चूक दिसतही नाही. भरणीचा FF मी 3 धरला, शेवटच्या तुकड्याची लेव्हल तपासून सही झाल्याशिवाय माती टाकायला परवानगी नव्हती. त्यापुढे साधा FS, एक संपलं की दुसरं सुरू.

```
खोदाई -> पाइप टाकणे : SS+5, FF+2
पाइप टाकणे -> भरणी  : SS+5, FF+3
भरणी -> टेस्ट -> सांधे -> रस्ता : FS
```

मूळ वेगाने हे चालवलं तर पाइप 45 ला संपतं, भरणी 45 अधिक 3 म्हणजे 48 ला, आणि सलग 20 दिवस करायची तर 28 ला सुरू. टेस्ट 54, सांधे 58, रस्ता 68. हा तो खरा 68. पंप काढून टाकल्यावरचा.

मग कातळ घातला, खोदाई 45 दिवस. पाइपचा शेवट आता 45 अधिक 2, म्हणजे 47. भरणी 50, टेस्ट 56, सांधे 60, रस्ता 70. परत 70! मी खुर्चीत मागे टेकलो, म्हटलं चला, कातळ लागूनही आपण तारखेतच आहोत, उद्या मॅडमना तोंड दाखवता येईल.

पण सकाळी साइट सुपरवायझरला फोन केला आणि आकडा सांगितला तर तो म्हणाला, "साहेब, गँग परवापासून निम्मी बसून आहे. पुढे चरच नाही तर पाइप कुठे टाकू, डोक्यात?"

हे असं कसं? शिडीला फक्त दोन टोकं कळतात, मध्ये काय चाललंय ते नाही कळत. खोदाई 45 दिवसांची म्हटल्यावर जाळ्याने गृहीत धरलं की ती एकसारखी थोडी मंद झालीय. प्रत्यक्षात ती 1000 पर्यंत सुसाट होती, मग गोगलगाय, आणि 1400 नंतर परत सुसाट. पाइप गँग रोज 60 ने येत होती, पुढे ब्रेकर रोज 20 ने. चोविसाव्या दिवशी, 1095 मीटरला, दोघांत बरोबर 120 मीटर उरले आणि तिथून पुढे गँगलाही रोज 20 मीटरच मिळायला लागले. कातळ संपेपर्यंत त्यांचे सहा दिवस वाया जाणार होते आणि ते परत मिळणार नाहीत, कारण कातळानंतर पोकलेन कितीही पळाला तरी गँगचा वेग 60 च.

त्यामुळे जिथे वेग बदलतो तिथे बांबू कापायचा. खोदाई आणि पाइप दोन्हीचे तीन तुकडे केले, 0 ते 1000, 1000 ते 1400, 1400 ते 2400, आणि प्रत्येक तुकड्याला आपापली शिडी. कातळाची खोदाई साडेबत्तीसला संपते, अधिक 2 म्हणजे गँग 1400 ला साडेचौतीसला पोचते, पुढचे 1000 मीटर 60 ने जवळजवळ 17 दिवस, म्हणजे पाइप 51 ला. भरणी 54, टेस्ट 60, सांधे 64, रस्ता 74. आता हा आकडा सुपरवायझरला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "हां, असं बोला." कुठेही तुकडे करत बसायचे असं नाही हं, नाहीतर बाणांच्या जंगलात परत जाल. वेग जिथे खरंच बदलतो तिथेच काप, एवढंच.

आता पंप. हा खरा विषय.

ऊसतोडीच्या फडात दोन झाडांना धोतर बांधून पोराची झोळी करतात, तुम्ही बघितली असेल. झोळीला स्वतःची लांबी अशी नसते, झाडं जेवढी लांब तेवढी ती ताणली जाते. आणि झोळी झाडांना हलवत नाही. शेड्यूलमध्ये हॅमॉक म्हणतात ते हेच. पंप, हायड्रा, सिक्युरिटी, साइट ऑफिस, ट्रॅफिकचा माणूस, ही सगळी कामं अशी की "किती दिवस लागतील" हा प्रश्नच चुकीचा आहे. बाकीचं काम चालेल तेवढे दिवस, हे त्याचं उत्तर. मी पंपाला 60 दिवस दिले तेव्हा झोळीत लाकडी फळी घातली, आणि तिला रस्ता जोडला तेव्हा झोळीने झाड ओढायला लावलं.

मग झाडं कुठली ते ठरवायचं, आणि इथेच डोकं लावायला लागतं. पंपाचं पहिलं झाड खोदाईची सुरुवात. दुसरं? मी पटकन "भरणी संपणे" लिहिलं होतं, पण सांधे उघडे आहेत ना! टेस्टच्या वेळी सांध्याच्या खड्ड्यात पाणी असेल तर गळती पाइपची की ओढ्याची कोण सांगणार. म्हणून दुसरं झाड सांधे भरणं संपेपर्यंत. हायड्राची झोळी मात्र पाइप टाकण्याच्या सुरुवातीपासून पाइप टाकण्याच्या शेवटापर्यंतच. मूळ प्लॅनमध्ये पंप 58 दिवस, हायड्रा 40. कातळानंतर आपोआप 64 आणि 46. कोणी हात न लावता.

प्रिमाव्हेरा या शेड्यूलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे करणं सोपं, अॅक्टिव्हिटी टाइप `Level of Effort` निवडायचा, सुरुवातीच्या कामाकडून SS आणि शेवटच्या कामाकडून FF, दोन्ही लावायचे. FF विसरलात तर झोळीचं एक टोक जमिनीवर. आणि तिच्यातून पुढे कुठल्याही खऱ्या कामाला लिंक काढायची नाही, रस्त्याला तर नाहीच. रस्त्याला सांधे भरण्याची लिंक आहे, पंप हलवायला वेगळा वेळ लागत असेल तर "पंप काढणे, 1 दिवस" असं खरं काम वेगळं घाला. एमएस प्रोजेक्टमध्ये असा टाइपच नाही. तिथे खोदाईच्या सुरुवातीच्या तारखेचा सेल कॉपी करून पंपाच्या सुरुवातीच्या सेलमध्ये `Paste Link` करायचा, शेवटाचंही तसंच. चालतं, पण फाइलचं नाव बदललं की लिंक तुटू शकते आणि तारीख जुनीच बसून राहते, कोणाला कळत नाही. मी त्या दोन सेलना पिवळा रंग देतो आणि दर अपडेटला दोन्हीकडच्या तारखा डोळ्यांनी जुळवतो.

आमच्या ज्युनियरने मध्येच शॉर्टकट सुचवला होता. म्हणाला, "सर, हॅमॉकची भानगड कशाला, 'पाइपलाइन टाकणे' ही समरी आहेच की, तिच्यावरच पंपाचं भाडं टाकू." ऐकायला बरोबर वाटतं, समरी पण ताणली जाते. पण समरी ताणली जाते ती तिच्या पोटातल्या सगळ्या कामांवर, पहिल्याच्या सुरुवातीपासून शेवटच्याच्या शेवटापर्यंत. आमच्या समरीच्या पोटात "पाइप मागवणे आणि फॅक्टरी तपासणी" पण होतं, जे खोदाईच्या तीन आठवडे आधी सुरू झालेलं, आणि रस्ता पण होता. म्हणजे पाइप फॅक्टरीत असताना आमचे पंप ओढ्याकाठी भाडं खात बसले असते, कागदावर. समरी म्हणजे गोषवारा, साहेबांना एक ओळ दाखवायला. हॅमॉकला आपण निवडलेली दोन टोकं असतात, ती वेगवेगळ्या गटांतली असली तरी चालतात. उद्या कोणी समरीत नवीन काम टाकलं की समरीची लांबी बदलते, हॅमॉकची नाही.

आणि त्याच फाइलमध्ये त्याने समरीवरून समरीला लिंक पण दिलेली सापडली, "पाइपलाइन" समरी संपली की "जोडणी आणि कमिशनिंग" समरी सुरू. एमएस प्रोजेक्ट हे करू देतं. परिणाम असा की दुसऱ्या समरीतलं प्रत्येक काम रस्ता होईपर्यंत थांबलं, अगदी घरगुती जोडण्यांची यादी करणंसुद्धा, जे कोणी बाई-बुवा टेबलावर बसून पहिल्याच आठवड्यात करू शकतं. आणि त्या कामाच्या प्रीडेसेसर कॉलममध्ये, जिथे आधीचं काम दिसतं, बघितलं तर रिकामं! लिंक वर समरीला चिकटलेली. मी समरीवरच्या लिंका सगळ्या उडवतो, फिल्टर लावून, कारण खालच्या कामाला विचारलं "तू का थांबलास" तर त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

हॅमॉकची एक खोड मात्र मला आधी माहीत नव्हती, प्रगतीची. समजा मूळ प्लॅनच्या 29 व्या दिवशी बघितलं तर 58 दिवसांची झोळी 50 टक्के झालेली दिसणार. तीच झोळी 64 झाली की त्याच दिवशी 45 टक्के. साहेबांनी विचारलंच, "काल पन्नास होतं, आज पंचेचाळीस कसं, पंप उलटे फिरले का?" ती टक्केवारी फक्त गेलेल्या वेळेची आहे, झालेल्या कामाची नाही. म्हणून एकूण प्रगतीत हॅमॉकचं वजन शून्य ठेवलं, पैसे ठेवले. नाहीतर पोकलेन कातळात अडकलाय आणि पंप, ऑफिस, सिक्युरिटी रोज इमानदारीने टक्के मिळवतायत, आणि एकूण आकडा छान दिसतो.

दुसरी खोड कॅलेंडरची आणि ही खिशाला लागली. पंपाचा हिशोब मी 60 दिवसांचा धरलेला, सहा दिवसांच्या आठवड्याने. पण पाणी रविवारी थांबत नाही आणि भाडंही नाही. 64 कामाचे दिवस म्हणजे 10 आठवडे आणि 4 दिवस, म्हणजे कॅलेंडरचे 74. दोन पंप, दिवसाला प्रत्येकी 2200, तर 14 दिवसांचा फरक 61,600 रुपये, डिझेल सोडून. पंपाच्या हॅमॉकला सात दिवसांचं कॅलेंडर दिल्यावर हे आपोआप दिसायला लागलं. ऑफिस आणि सिक्युरिटीलाही तेच. हायड्रा आमच्याकडे कामाच्या दिवसावर होता, त्याला सहाचंच राहू दिलं. म्हणजे भाडं कसं मोजतात ते करारात वाचून मग कॅलेंडर द्यायचं.

झोळ्या नीट बांधल्यावर एक गोष्ट हाताला लागली जी आधी कधीच नव्हती: काम एक दिवस लांबलं तर किती जातात. पंप 4400, डिझेल 6000, हायड्रा ऑपरेटरसकट 9000, बाकी ऑफिस-सिक्युरिटी-बॅरिकेड मिळून 4600. बेरीज 24,000 रोज. आता मॅडमपुढे 74 घेऊन गेलो तेव्हा हा आकडाही सोबत होता. कातळाचे 150 मीटर उरले होते, एका ब्रेकरने साडेसात दिवस. दुसरा ब्रेकर लावला तर निम्मे, म्हणजे साडेतीन-पावणेचार दिवस वाचणार, आणि आता क्रिटिकल पाथवर कातळच असल्यामुळे ते शेवटापर्यंत वाचणार, 74 चे साडेसत्तर. साधारण 84,000 ते 90,000 वाचत होते. दुसऱ्या ब्रेकरचं भाडं चार दिवसांचे 56,000 आणि आणण्या-नेण्याचे 12,000. साहेबांनी तिथेच फोन लावला. जुन्या जाळ्यात हेच विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, ब्रेकर लावून शून्य दिवस वाचतात, कारण पंप.

ब्रेकर दोन दिवस उशिरा आला, ट्रेलर मिळेना. काम 72 ला संपलं. पंपाची झोळी 62 कामाच्या दिवसांवर थांबली, कॅलेंडरचे 72 दिवस. बिल मात्र 73 दिवसांचं आलं. मी भांडायला फोन केला तर पंपवाला म्हणाला, "माझ्या यार्डातून गाडी सुटली तेव्हापासून मीटर चालू, करारात लिहिलंय." लिहिलं होतं. पुढच्या कामाला पंपाचं पहिलं झाड खोदाईची सुरुवात नाही ठेवलं, "पंप यार्डातून निघाले" असा एक माइलस्टोन घातला आणि झोळी त्याला बांधली.